चौकोन आणि प्रश्नचिन्ह

पाठविणाऱ्याने जे लिहिले तेच घेणाऱ्याला दिसते, ही कागदी पत्रांच्या काळातली आपली समजूत संगणकाच्या आणि मोबाइलच्या पत्रव्यवहारात किती कच्ची ठरते, याचा प्रत्यय मला गेली काही वर्षे नित्य येत आहे. दोह्याच्या उत्तरेस, कतार विद्यापीठापासून फार दूर नसलेल्या अल दुहैल या वस्तीत एका खाजगी संस्थेच्या संदेशव्यवहाराचे काम माझ्याकडे आहे. ऐकायला हे काम भारदस्त वाटते. प्रत्यक्षात त्याचे स्वरूप एवढेच की, सुट्ट्यांचे हुकूम, बसगाड्यांच्या वेळा, सभांची पत्रके असा मजकूर इंग्रजीत व अरबीत तयार करवून घ्यावा, तो योग्य त्या मार्गाने कर्मचाऱ्यांकडे रवाना करावा, आणि नंतर ‘हे असे काय आले?’ म्हणून ज्या तक्रारी येतील त्यांचा खुलासा करीत बसावे. या तक्रारींतील एक भरघोस हिस्सा इमोजींचा असतो. हसरा चेहरा, दिवा, निशाण, बस असे काहीतरी चिन्ह एखाद्या उत्साही माणसाने मजकुरात घातलेले असते, आणि पलीकडे कोणाला त्याच्या जागी रिकामा चौकोन, तर कोणाला प्रश्नचिन्ह दिसते.

तक्रार करणारा या दोहोंत काहीच फरक मानीत नाही. त्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, की काहीतरी बिघडले. परंतु चौकोन हा एक विकार आहे आणि प्रश्नचिन्ह हा अगदी निराळा विकार आहे, त्यांची कारणे निराळी, त्यांचे ठिकाण निराळे आणि त्यांवरील इलाजही निराळे, ही गोष्ट ज्याला कळली त्याचे या खात्यातले निम्मे काम हलके झाले असे मी समजतो.

चौकोनाची हकीकत आधी सांगतो, कारण ती दिवाळीशी निगडित आहे. सन २०१९ची लक्ष्मीपूजनाची तारीख २७ ऑक्टोबर होती. तो रविवार होता, आणि कतारमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्यामुळे इथला तो कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींनी फराळाचा कार्यक्रम आधीच्या शुक्रवारी ठरविला होता आणि त्याचे निमंत्रण ई-मेलने धाडले होते. निमंत्रण लिहिणाऱ्या गृहस्थांनी नवाच फोन घेतला होता. त्याच्या कळफलकावर त्यांना पणतीचे चिन्ह सापडले, आणि त्यांनी ते मजकुराच्या आरंभी एक आणि अखेरीस एक असे हौसेने बसविले. त्यांच्या पडद्यावर निमंत्रण मोठे देखणे दिसत होते. ज्यांच्याकडे आयफोन होते त्यांना दोन्ही ठिकाणी चौकोनात कोंडलेले प्रश्नचिन्ह दिसले. ज्यांच्याकडे जरा जुने अँड्रॉइड फोन होते त्यांना नुसता पोकळ चौकोन दिसला. शनिवारपर्यंत माझ्याकडे इतके जण विचारून गेले, की मंडळींनी मला संस्थेबरोबर आपल्याही तक्रारखात्यावर नेमले आहे की काय, अशी मला शंका येऊ लागली.

कारण तारखांत दडलेले होते. पणतीच्या चिन्हाला युनिकोड या सर्वमान्य वर्णसंकेताच्या बाराव्या आवृत्तीत स्थान मिळाले, आणि ही आवृत्ती ५ मार्च २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. साडी, देऊळ आणि ऑटोरिक्षा ही आपल्या ओळखीची चिन्हेही त्याच वर्षीची. परंतु युनिकोडचे काम क्रमांक नेमून देण्यापुरते असते. पणतीचा क्रमांक U+1FA94 हा, एवढे तो जाहीर करतो. पणती काढून देण्याची जबाबदारी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टवर येते. अँड्रॉइडची दहावी आवृत्ती सप्टेंबर २०१९मध्ये बाहेर पडली आणि तिच्या फॉन्टमध्ये पणती होती. निमंत्रण लिहिणाऱ्या गृहस्थांच्या फोनवर तीच आवृत्ती होती. आयफोनला पणती मिळाली ती आयओएस १३.२ या आवृत्तीत, आणि ती प्रसिद्ध झाली २८ ऑक्टोबरला, म्हणजे पाडव्याला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जगातल्या कोणत्याही सर्वसामान्य आयफोनवर पणती पेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पेटली. ज्यांनी निमंत्रण पुसून टाकले नव्हते आणि पुढच्या आठवड्यात फोन अद्ययावत केला, त्यांना त्याच जुन्या ई-मेलमध्ये, एक अक्षरही न बदलता, चौकोनांच्या जागी पणत्या दिसू लागल्या.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चौकोनाच्या आत पणती सबंध काळ होतीच. संदेशातून जो क्रमांक प्रवास करीत होता तो बिनचूक पोचला होता. उणीव होती ती घेणाऱ्याकडे त्या क्रमांकाची आकृती नसण्याची. फॉन्ट म्हणजे काय, हे इथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. फॉन्टच्या फाइलमध्ये आकृत्यांचा एक साठा असतो आणि त्याबरोबर एक तक्ता असतो, ज्यात अमुक क्रमांकाला अमुक आकृती अशी नोंद केलेली असते. मजकूर पडद्यावर उमटविताना यंत्र प्रत्येक क्रमांक घेऊन चालू फॉन्टच्या तक्त्यात पाहते. तिथे तो न सापडला तर ठरवून दिलेल्या क्रमाने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फॉन्टकडे जाते. इंग्रजी वाक्यात मध्येच मराठी शब्द आला तरी तो नीट दिसतो, याचे श्रेय या भटकंतीलाच आहे. एकाही तक्त्यात क्रमांक सापडला नाही, म्हणजे प्रत्येक फॉन्टमध्ये शून्य क्रमांकावर राखून ठेवलेली जी एक आकृती असते, तिला `.notdef` असे नाव आहे, ती उमटविली जाते. जुन्या छापखान्यात एखादा खिळा संपला म्हणजे जुळारी त्या जागी दुसराच खिळा उलटा बसवून पुढे जात असे, आणि मुद्रिताच्या कागदावर त्या ठिकाणी काळा ठसा उमटून ‘इथे काही हवे आहे’ हे वाचणाऱ्याला कळत असे. `.notdef` या आकृतीचे काम तेच.

ही आकृती कशी असावी हे फॉन्ट करणारा ठरवितो. कोणी पोकळ चौकोन ठेवतो, कोणी चौकोनात फुली मारतो, आणि ॲपलच्या फोनांवर ती प्रश्नचिन्ह असलेला चौकोन अशी दिसते. म्हणून आयफोनवाला ‘प्रश्नचिन्ह आले’ असे सांगू लागला, की मी त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘चौकटीत आहे की मोकळे?’ चौकटीत असेल तर तो चौकोनाच्याच जातीचा विकार. या पोकळ चौकोनांना मुद्राक्षरांच्या व्यवसायातले लोक जपानी सोयाबीनच्या पनीरावरून ‘टोफू’ म्हणतात, आणि गूगलने सर्व लिप्यांसाठी जो फॉन्टसंच तयार केला त्याचे नोटो हे नाव ‘टोफू नको’ या इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून ठेवले आहे. हा संच एका फाइलमध्ये मावला नाही, याचेही कारण सांगण्यासारखे आहे. एका फॉन्टमध्ये ६५,५३५ हून अधिक आकृत्या बसविता येत नाहीत, आणि युनिकोडमधील चिन्हांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली आहे. सर्व काही दाखविणारा एकच फॉन्ट मागणाऱ्या लोकांना मी हा हिशेब सांगतो आणि गप्प बसतो.

ज्यांनी मराठी टंकलेखनाचा जुना काळ पाहिला आहे त्यांना इथे एक तफावत ध्यानात येईल. युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत मराठी दस्तऐवज तयार होत. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्ष साठविली जात ती `ejkBh` ही रोमन अक्षरे; फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देऊन डोळ्यांपुढे उभा करी. समोरच्याकडे कृतिदेव नसला की त्याला ते `ejkBh` उघडेवाघडे दिसे. तिथे अर्थच फॉन्टच्या ठायी होता, आणि फॉन्ट गेला की मजकूर दुसऱ्याच भाषेतला बरळ होऊन बसे. आताच्या व्यवस्थेत अर्थ क्रमांकात असतो आणि फॉन्ट त्याला केवळ रूप देतो; रूप न मिळाले तर यंत्र खोटे अक्षर न दाखविता चौकोन दाखवून मोकळे होते. तरुण सहकाऱ्यांना चौकोन म्हणजे मागासलेपणा वाटतो. मला तर तो `ejkBh`च्या मानाने पुष्कळ प्रामाणिक वाटतो.

आता प्रश्नचिन्हाकडे वळतो, म्हणजे चौकटीबाहेरच्या, साध्या, वाक्याच्या शेवटी येते तशा प्रश्नचिन्हाकडे. कतारचा राष्ट्रीय दिन १८ डिसेंबरला असतो आणि त्या दिवशी सार्वत्रिक सुट्टी असते. एका वर्षी सुट्टीची सूचना काढताना प्रशासन विभागातील एका अधिकाऱ्याने वाक्याच्या शेवटी कतारचे निशाण लावले. १८ डिसेंबर रोजी कार्यालय बंद राहील, एवढेच वाक्य आणि त्यापुढे ते किरमिजी-पांढरे निशाण. सूचना दोन मार्गांनी गेली, ई-मेलने आणि मोबाइलवरील एसएमएसने. अर्ध्या तासात टेबलावरचा फोन वाजू लागला. एसएमएस आलेल्या लोकांच्या पडद्यावर निशाणाऐवजी दोन प्रश्नचिन्हे आली होती, त्यामुळे सूचनेचे रूपांतर सवालात झाले होते: ‘१८ डिसेंबर रोजी कार्यालय बंद राहील ??’ आमच्या नेपाळी वाहनचालकाने तर येऊन मला विचारले, ‘साब, ऑफिस हमसे पूछ रहा है क्या?’ सुट्टी आहे की नाही हे कार्यालय आपल्या चालकांना विचारते आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती, आणि वाक्याचे व्याकरण पाहता त्याची काही चूक नव्हती.

इतक्यात लेखा विभागातून निरोप आला की, त्यांच्या संगणकावर ई-मेलमध्ये निशाणही नाही आणि प्रश्नचिन्हही नाही. तिथे ‘QA’ अशी दोन अक्षरे आहेत. त्याच विभागातील, पलीकडच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंच्या संगणकावर मात्र तेच ई-मेल ब्राउझरमध्ये उघडले असता निशाण फडकत होते. एक सूचना, एक चिन्ह आणि तीन दर्शने: निशाण, दोन अक्षरे, दोन प्रश्नचिन्हे.

निशाणाची घडण ठाऊक असल्याशिवाय याचा उलगडा होत नाही. युनिकोडने देशांच्या निशाणांना स्वतंत्र क्रमांक दिलेले नाहीत. कोणता देश मान्य करावा आणि कोणता करू नये, या वादात न पडण्याचा मार्ग म्हणून त्याने रोमन वर्णमालेच्या २६ अक्षरांचा एक खास संच नेमून दिला आणि दोन अक्षरी देशसंकेत जोडून लिहिला म्हणजे फॉन्टने त्या जोडीचे निशाण दाखवावे, अशी रचना केली. कतारचे निशाण म्हणजे खास Q आणि खास A, भारताचे म्हणजे खास I आणि खास N. ज्या फॉन्टमध्ये या जोडीची आकृती असेल तो निशाण दाखवितो. नसेल तो दोन्ही अक्षरे सुटी दाखवितो. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांची निशाणे घातलेली नाहीत, म्हणून लेखा विभागाला QA दिसले. बाईंचा ब्राउझर फायरफॉक्स होता, आणि तो स्वतःचा इमोजी फॉन्ट बरोबर बाळगतो, म्हणून विंडोजवर असूनही त्यांना निशाण दिसले. इथवरचा भाग फॉन्टचा, म्हणजे चौकोनाच्याच कुळातला झाला. क्रमांक शाबूत होते. रूप तेवढे जागोजाग भिन्न मिळाले.

एसएमएसची प्रश्नचिन्हे या कुळातली नव्हती. ते कसे ओळखावे याची माझी एक साधी रीत आहे. तक्रारदाराच्या संदेशातले ते चिन्ह निवडून, त्याची नक्कल करून, ज्या फोनवर सर्व इमोजी दिसतात अशा नव्या फोनवर पाठवावे. तिथे पणती किंवा निशाण उमटले, तर मूळ क्रमांक जिवंत आहे आणि दोष घेणाऱ्याच्या फॉन्टचा. तिथेही प्रश्नचिन्हच राहिले, तर चिन्ह वाटेतच मेले, आणि त्या जागी आलेले प्रश्नचिन्ह हे आता खरोखरीचे, कळफलकावरचे प्रश्नचिन्ह आहे. याहून खात्री करावयाची असेल, तर मजकुराचे बाइट उघडून पाहावेत:

```
🪔   U+1FA94   F0 9F AA 94
�   U+FFFD    EF BF BD
?   U+003F    3F
```

पहिली ओळ जिवंत पणतीची. दुसरीतले काळ्या हिऱ्यातले प्रश्नचिन्ह हे वाचणाऱ्या यंत्राने ‘या बाइटांचा अर्थ मला लागला नाही’ म्हणून मारलेला शेरा आहे. मूळ बाइट कोठे शिल्लक असले तर अद्याप आशा असते. तिसरीत एकच बाइट उरला आहे, आणि त्या `3F`वरून पूर्वी तिथे पणती होती, बस होती की निशाण होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आमच्या एसएमएसमध्ये `3F 3F` निघाले. मग चिन्ह नेमके कोठे मेले हे पाहणे आले. एसएमएसचा मजकूर आमच्या संकेतस्थळावरील एका पानात लिहिला जातो, तिथून तो मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तक्त्यात जमा होतो, आणि तक्त्यातून उचलून एसएमएसच्या प्रवेशद्वाराकडे सोडला जातो. प्रवेशद्वारावर प्रथम संशय घेण्याचा शिरस्ता आहे, आणि तो अकारण नाही. एसएमएसची मूळ वर्णमाला १६० रोमन अक्षरांच्या संदेशासाठी आखलेली. त्यात न बसणारे एक जरी अक्षर आले, तरी सबंध संदेश दुसऱ्या संकेतात न्यावा लागतो, ज्यात एका भागात ७० अक्षरेच मावतात. ज्या प्रवेशद्वाराला हा पालट करण्याची मुभा दिलेली नसते ते परक्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसविते. परंतु आमच्या अरबी सूचना याच प्रवेशद्वारातून वर्षानुवर्षे सुखरूप जात होत्या. अर्थात ते दुसऱ्या संकेताला सरावलेले होते. म्हणून मी एक पायरी मागे गेलो आणि तक्त्यातच पाहिले. तिथे निशाणाच्या जागी आधीच दोन प्रश्नचिन्हे पडलेली होती. प्रवेशद्वाराने जे मिळाले ते इमानाने पुढे पाठविले होते.

तक्ता एका बाहेरच्या ठेकेदाराने फार पूर्वी उभारून दिला होता, आणि त्याचा वर्णसंच `utf8` असा नमूद होता. या नावाने भल्याभल्यांची दिशाभूल केली आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत एका चिन्हाला एक ते चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने मात्र आपल्या `utf8` या नावाखाली फक्त तीन बाइटांपर्यंतची सोय केली होती. रोमन अक्षर एका बाइटात बसते, अरबी अक्षर दोनांत, देवनागरी अक्षर तीनांत. म्हणून इंग्रजी, अरबी, हिंदी, मल्याळम, नेपाळी असा या वाळवंटातला सगळा बहुभाषिक कारभार त्या तक्त्यातून निर्वेध चालला होता आणि कोणाला कसली शंका येण्याचे कारण पडले नव्हते. बहुतेक इमोजींना चार बाइट लागतात. चौथ्या बाइटाला तिथे जागाच नव्हती. निशाण दोन चिन्हांचे बनलेले, म्हणून प्रश्नचिन्हे दोन. पणती असती तर एकच आले असते. चार बाइट घेणारा खरा संच मायएसक्यूएलने २०१०मध्ये `utf8mb4` या नावाने आणला, आणि नव्या तक्त्यांसाठी तोच आपोआप लागू व्हायला २०१८ची आठवी आवृत्ती उजाडावी लागली. आमचा तक्ता या दोन तारखांच्या मधला असावा, आणि उभारणाऱ्याने नावावर विश्वास ठेवून काम उरकले असावे.

आणखी एक गोष्ट. मायएसक्यूएलला कडक तपासणीचा हुकूम दिलेला असेल, तर न बसणारे चिन्ह येताच तो `Incorrect string value` असे म्हणून सबंध संदेश नाकारतो. आमच्याकडे ती तपासणी बंद ठेवलेली होती; त्यामुळे तो मुकाट्याने प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाई. कामात खोळंबा नको म्हणून अशा तपासण्या बंद करण्याची जी चाल आहे, तिच्याविषयी माझे मत पहिल्यापासून प्रतिकूल होते आणि या प्रकरणाने ते पक्के झाले. संदेश नाकारला गेला असता तर अधिकाऱ्याने निशाण काढून पुन्हा पाठविला असता, आणि सूचना ही सूचनाच राहिली असती.

दुरुस्ती दोन ओळींची होती:

```
ALTER TABLE messages CONVERT TO CHARACTER SET utf8mb4;
SET NAMES utf8mb4;
```

पहिली ओळ साठा सुधारते, दुसरी साठ्याशी बोलण्याची वाट सुधारते. दोहोंपैकी एकच केले तर प्रश्नचिन्हे येतच राहतात, आणि पुष्कळ लोक इथेच अडतात. पुढील सूचना नीट जाऊ लागल्या. दप्तरात आधी जमा झालेली प्रश्नचिन्हे मात्र तशीच राहिली, आणि ती तशीच राहणार.

या दोन विकारांच्या मध्ये एक तिसरा, जरा खोडकर प्रकार आहे, आणि मराठी वाचकाला त्याची विशेष मौज वाटेल म्हणून तो सांगतो. आई, बाप आणि मूल यांचे एकत्र कुटुंब दाखविणारा जो इमोजी आहे, तो वस्तुतः तीन सुट्या इमोजींचा समास असून त्यांना सांधणारे एक अदृश्य चिन्ह, U+200D, मध्ये घातलेले असते. जुन्या फॉन्टमध्ये या समासाची आकृती नसली की कुटुंब विभक्त होऊन तिघे ओळीने उभे राहतात. कातडीचा वर्ण दाखविणारे इमोजीही असेच जोडीचे असतात. नमस्काराच्या हातांना गव्हाळ रंग दिला, तर जुन्या फोनवर पिवळे हात आणि शेजारी एक मातकट चौकोनी ठिकरी असा प्रकार दिसतो. आता, हे अदृश्य सांधणारे चिन्ह इमोजींसाठी नव्याने निर्माण झालेले नाही. आपल्या देवनागरीत ‘दर्‍या’ या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र लिहिण्यासाठी काही कळफलक याच चिन्हाचा उपयोग करतात. संदेशातील ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारी एखादी चाळणी कोणी मध्ये बसविली, की कुटुंबे फुटतात आणि त्याबरोबर दर्‍यांचा दर्या होतो. गणपतीच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळींचा एक संदेश अशाच चाळणीतून गेला, आणि प्रसादाचे जेवण करणाऱ्या आचार्‍यांना मानधन द्यावयाचे होते ते वाचणाऱ्यांना आचार्यांना द्यावयाचे दिसले. एका ज्येष्ठ सभासदाने ‘कोणते आचार्य?’ अशी रीतसर पृच्छा केली.

प्रश्नचिन्हाचा बंदोबस्त पाठविणाऱ्याकडे होऊ शकतो. चौकोनाचा सहसा होत नाही, आणि हे लोकांना पटवून देणे जड जाते. इमोजीचा फॉन्ट फोनच्या मूळ प्रणालीचा भाग असतो. ज्या फोनला कंपनीने नव्या आवृत्त्या देणे बंद केले, त्याचे इमोजीही त्या दिवशी गोठले. २०२१मधील अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून सबंध प्रणाली न बदलता फॉन्ट तेवढा नवा करण्याची सोय झाली, परंतु आमच्या चालकांपैकी अनेकांकडे त्याहून पुष्कळ जुने फोन आहेत, आणि घरी पैसे पाठविणाऱ्या माणसाने पणती दिसावी म्हणून नवा फोन घ्यावा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. काही ॲप आपले इमोजी स्वतः चित्ररूपाने बाळगतात. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर तसेच करते. म्हणून एकाच फोनवर, एकाच संदेशात, वरून उतरणाऱ्या सूचनेच्या पट्टीत चौकोन दिसतो आणि ॲप उघडताच आत इमोजी दिसतो, हा चमत्कार घडतो. पट्टी फोनच्या फॉन्टने रंगविलेली असते, आतला मजकूर ॲपने. ‘आता होते, आता नाही’ म्हणून फोन घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे समाधान एवढ्या खुलाशाने होते. इंटरनेटवरून कुठलासा इमोजी फॉन्ट उतरवून फोनमध्ये घुसविण्याचा जो सल्ला मित्रमंडळी देतात तो मी देत नाही. एक तर त्यासाठी फोनची कुलपे तोडावी लागतात, आणि दुसरे असे की रंगीत इमोजी साठविण्याच्या ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने, एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे नेला असता चौकोनाच्या ऐवजी पुष्कळदा नुसती मोकळी जागा दिसते, आणि मग तिथे काही होते हेही कळत नाही.

त्या राष्ट्रीय दिनानंतर आमच्या संस्थेत एक नियम झाला, आणि तो माझ्या आग्रहावरून झाला: तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम, होकार व नकार हे शब्दांतच लिहावयाचे, इमोजी घालावयाचा असेल तर पूर्णविराम दिल्यानंतर, आणि तो गळून गेला तरी वाक्य पुरे राहील असा. अधिकाऱ्यांनी तो मान्य केला. त्यांच्या निशाणाला मात्र कोणी हात लावलेला नाही. दर डिसेंबरला ते पूर्णविरामानंतर येते, आणि लेखा विभागाला QA दिसते.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्याला संदेशात चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसले आणि ते कोणा जाणकाराला दाखवावयाचे असले, तर पडद्याचे छायाचित्र पाठवू नका. निदान केवळ तेवढेच पाठवू नका. छायाचित्रात चौकोनाचे चित्र येते, त्यामागचा क्रमांक येत नाही. तो संदेशच जसाच्या तसा पुढे पाठवा, आणि निदान होईपर्यंत आपल्याकडचा मूळ संदेश पुसू नका.